सप्रेम नमस्कार, विषय : बिडाचा तवा

चालत चार मिनिटांवर बसलेल्या माणसाला ईमेल पाठवायला छाती लागते. मोठ्या कंपनीला लिहिताना निदान ती आपल्याला ओळखत नाही एवढं तरी बरं असतं. कोपऱ्यावरचा भांडीवाला मात्र आपल्याला पुरता ओळखतो. कुकरचं चुकीचं गॅस्केट नेऊन, दोन दिवस वापरून, धुऊन परत आणणारी मंडळी कुठल्या बिल्डिंगीतली आहेत हे त्याला तोंडपाठ असतं. अशा माणसाला ‘आपल्या प्रतिष्ठित ब्रँडसोबत काम करण्यास आम्ही उत्सुक आहोत’ असं लिहायचं, आणि संध्याकाळी त्याच्याकडेच गाळणी घ्यायला जायचं!

माझ्या भाचीने ते लिहिलं.

भाचीचं स्वयंपाकघरातल्या वस्तूंची परीक्षणं करणारं एक चॅनेल आहे. किसणी, खलबत्ता, चकलीचा सोऱ्या असल्या वस्तू ती खरोखर वापरते आणि मग बोलते, म्हणून मी ते बघतो. 1,140 सदस्य आहेत. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत हा आकडा आदराने घेतला जातो, कारण वार्षिक सभेला गणसंख्या भरायची आमची मारामार असते. पण यूट्यूबला आदर नाही. त्यांच्या जाहिरातींतला वाटा हवा असेल तर 1,000 सदस्य पाहिजेत आणि शिवाय मागच्या 12 महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ 4,000 तास पाहिलेले पाहिजेत. (झटपट छोट्या व्हिडिओंचा दुसरा एक रस्ता आहे, पण तिथे 90 दिवसांत 1 कोटी वेळा दिसावं लागतं. तो रस्ता तिने बघून सोडून दिला.)

सदस्यांची अट भाचीने ओलांडली होती. तासांचा हिशेब मी एका रविवारी मांडून दिला. तिचा एक व्हिडिओ साधारण 300 जण बघतात, प्रत्येक जण सरासरी 3 मिनिटं टिकतो. म्हणजे एका व्हिडिओचे झाले 15 तास. 4,000 तासांसाठी असे 267 व्हिडिओ हवेत, तेही वर्षाच्या आत. भाचीने कागद घडी घालून ठेवला आणि म्हणाली, “मामा, मग आता कोणाकडून तरी पैसे घेऊनच परीक्षण करायला हवं.”

म्हणून ती मेल. मला दाखवली ती पाठवून झाल्यावर. मायना ‘डिअर टीम’. भांडीवाल्या शेठच्या दुकानात टीम म्हणजे शेठ, माळ्यावरून डबे काढून देणारा एक मुलगा, आणि श्रावणात येणारे त्यांचे मेहुणे. पुढे ‘आमचा प्रेक्षकवर्ग’, ‘ब्रँडची दृश्यमानता’, ‘परस्परहिताची भागीदारी’ अशी तीन परिच्छेद भरून भाषा, आणि अगदी तळाशी, लाजत लाजत आल्यासारखा आकडा : रुपये 3,000. सोबत ‘मीडिया किट’ नावाची सहा पानांची फाइल. कुठल्या वस्तूचा व्हिडिओ करायचा हे मात्र मेलमध्ये कुठेच नव्हतं.

मेलचा पत्ता तिने दुकानाच्या बिलावरून घेतला होता. इथेच ती फसली. आपल्याकडच्या दुकानाच्या बिलावरचा मेलचा पत्ता दुकानदाराचा असतो असा एक गोड समज आहे. तो पत्ता सहसा जीएसटीची नोंदणी करताना सीएच्या ऑफिसात बसून तयार झालेला असतो, त्याचा पासवर्ड सीएच्या मदतनिसाकडे असतो, आणि शेठला आपला असा काही पत्ता आहे हे बिलबुक छापून आल्यावर कळलेलं असतं. त्यामुळे ‘परस्परहिताची भागीदारी’ थेट कल्याणला सीएच्या ऑफिसात जाऊन पोचली. तिथून दोन दिवसांत उत्तर आलं : ‘कृपया बिलाची प्रत व आपला जीएसटी क्रमांक पाठवावा.’ आणि शेठना फोन गेला, की कुठलीशी भागीदारी कंपनी तुमच्याकडे तीन हजार मागतेय, तुम्ही काही घेतलंय का?

शेठनी मला दुकानाबाहेरूनच हाक मारली. “साहेब, जरा या. तुमच्या भाचीची कंपनी आहे म्हणे.”

मी कंपनीचं स्वरूप समजावून सांगितलं. शेठनी मोबाइलवर मीडिया किट उघडलं, सहाही पानं अंगठ्याने वर सरकवली आणि एकच प्रश्न विचारला : “हे अकराशे चाळीस राहतात कुठे?”

छोट्या चॅनेलने कोपऱ्यावरच्या दुकानाला लिहिताना पहिल्या ओळीत उत्तर द्यायला हवा तो प्रश्न हाच. मोठ्या कंपनीला प्रेक्षक गोंदियात असला काय आणि गडहिंग्लजला असला काय, तिचा माल दोन्हीकडे मिळतो. शेठचा माल फक्त शेठच्या गाळ्यात मिळतो. भाचीने संध्याकाळी चॅनेलची आकडेवारी उघडली. लहान चॅनेलला तिथेही मान नाही. प्रेक्षक फारच थोडे असले की कुठल्या वयाचे, कुठल्या गावचे हे रकाने अर्धेमुर्धेच भरतात. तरी जेवढं दिसलं त्यावरून अंदाज निघाला. एका व्हिडिओच्या 300 प्रेक्षकांपैकी मुंबई-ठाणे-कल्याण या पट्ट्यातले मिळून 90 च्या आसपास. उरलेले पुणे, नाशिक, कोल्हापूर, आणि न्यू जर्सीतले काही निष्ठावंत, जे खलबत्त्याच्या आवाजासाठी येतात.

दुसऱ्या दिवशी शेठनी दुधाच्या पिशवीच्या आकाराच्या कागदावर हिशेब केला. व्हिडिओ करायचाच तर बिडाच्या तव्याचा करा, हे त्यांनीच सुचवलं. बिडाचा तवा 1,200 रुपयांना जातो. त्यात शेठना सुटतात 180. तीन हजार वसूल व्हायला 17 तवे जादा खपायला हवेत. “महिन्याला माझे पाच जातात. तुमच्या नव्वद माणसांत सतरा जण तवा घेणार? आणि ठाण्याचा माणूस अडीच किलोचा तवा घ्यायला लोकल पकडून डोंबिवलीला येणार? परतीच्या गर्दीत तो तवा हातात धरून चढणार?”

भाची गप्प. मीही गप्प. डोंबिवलीच्या फलाटावर संध्याकाळी सहानंतर बिडाचा तवा घेऊन उभा असलेला माणूस माझ्या डोळ्यासमोर आला, आणि त्याला चढायला जागा सगळ्यात आधी मिळाली असती असंही वाटलं. पण ते मी बोललो नाही.

एवढ्यात दुकानात एक बाई आल्या. पिशवीतून बिडाचा तवा काढला आणि काउंटरवर ठेवला. तवा तांबूस झाला होता. “गंजका दिलात.” शेठनी पुढची दहा मिनिटं जे सांगितलं ते त्यांना पाठ होतं, त्यात चढ-उतारही ठरलेले होते. तवा कारखान्यातून येतो तेव्हा गंजू नये म्हणून त्यावर तेलाचा किंवा मेणाचा हात असतो. तो पहिल्यांदा गरम पाण्याने साबण लावून घासून काढायचा. लगेच पुसून गॅसवर कोरडा करायचा, आपोआप वाळेल म्हणून ओट्यावर ठेवायचा नाही. मग तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, इतका पातळ की पुसून टाकल्यासारखा दिसला पाहिजे, आणि धूर येईपर्यंत तापवायचा. गार होऊ द्यायचा. हे तीन-चार वेळा. जाड तेल लावलं तर ते वाळत नाही, चिकट होऊन बसतं. पहिली आंबोळी चिकटणार म्हणजे चिकटणारच. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासत राहायचं. रोज वापरला तर तीन-चार आठवड्यांत तवा काळाभोर होतो आणि आंबोळी आपली आपण कडा सोडते. चिंचेचा, टोमॅटोचा पदार्थ त्यावर शिजवायचा नाही, केलेलं सगळं सुटून येतं. आणि तापलेला तवा नळाखाली धरायचा नाही. बीड ठिसूळ असतं, तडकतं.

बाई तवा घेऊन परत गेल्या. शेठ पाणी प्यायले. “महिन्याला पाच तवे विकतो, त्यातले दोन असे परत येतात. तेच सांगायचं. दिवाळीच्या गर्दीत हे कधी सांगू? म्हणून दिवाळीत मी बिडाचा तवा दाखवतच नाही. नॉनस्टिक देतो. त्याला काही सांगावं लागत नाही.”

भाची माझ्याकडे बघायला लागली. आमच्या घरातली माणसं काही सुचलं की एकमेकांकडे बघतात; बोलायला मात्र वेळ लावतात.

चार मिनिटांच्या अंतरावरच्या दुकानाला छोटं चॅनेल प्रेक्षक विकूच शकत नाही. त्या दुकानाचे प्रेक्षक आधीच दुकानात उभे असतात. विकण्यासारखा असतो तो व्हिडिओ. शेठ गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवू शकतील, काउंटरवर चौकोनी कोड चिकटवून ठेवू शकतील, आणि ‘गंजका दिलात’ म्हणून येणाऱ्याला घसा न सुकवता दाखवू शकतील, असा सहा मिनिटांचा व्हिडिओ. न्यू जर्सीतल्या निष्ठावंतांनी तो पाहिला तर आनंदच.

दुसरी मेल मी आणि भाचीने मिळून लिहिली. शेठचा खरा पत्ता म्हणजे त्यांच्या सुनेचा पत्ता होता. मेल कशाला, तोंडीच ठरवू की, असं शेठ म्हणत होते. पण तोंडी ठरलेल्या गोष्टी प्रत्येकाला आपापल्या सोयीने आठवतात, म्हणून ती लिहिलेली बरी. मेल अशी होती :

‘सप्रेम नमस्कार काका. तुमच्याकडच्या 11 इंची बिडाच्या तव्याचा मला व्हिडिओ करायचा आहे. मोबदला 1,000 रुपये, शिवाय एक तवा. मी तो घरी चार आठवडे रोज वापरेन आणि पहिल्या दिवसापासून चित्रण करेन. पैसे वेळेचे आणि चित्रणाचे आहेत, मताचे नाहीत. पहिल्या आंबोळ्या चिकटल्या तर त्या दिसतील. तव्यात काही खोट निघाली तर तीही सांगेन. पैसे घेतले आहेत हे व्हिडिओत सुरुवातीलाच बोलेन आणि लिहीन. व्हिडिओ टाकण्याआधी तुम्हाला दाखवेन, पण किंमत, माप, पत्ता चुकला असेल तरच बदलेन. व्हिडिओ दुकानात दाखवायला आणि गिऱ्हाइकांना पाठवायला तुम्हाला कायमची मोकळीक. माझ्या चॅनेलवर तो साधारण 300 लोक बघतील, त्यातले जवळपासचे फार तर 90. तेवढ्यावर तवे खपतील असं मी म्हणत नाही.’

मला ही मेल आवडली. विशेषतः शेवटचं वाक्य. आपला माल खपवणार नाही असं लिहून पैसे मागणारा माणूस शेठच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिलाच असावा.

शेठनी नवा हिशेब केला. हजार रुपये म्हणजे 6 तव्यांचा नफा. (साडेपाच होतात, पण अर्धा तवा कोणी घेत नाही.) परत येणारे तवे कमी झाले तरी तेवढे निघतील. तवा भाचीने ठेवून घेण्याबद्दल त्यांनी थोडी कुरकुर केली. “वापरून परत दे की.” भाचीने विचारलं, चार आठवडे वापरलेला तवा तुम्ही नवा म्हणून विकणार का? शेठ विचारात पडले. खरी गोची अशी, की चार आठवडे आंबोळ्या काढलेला तवा नव्या तव्यापेक्षा कितीतरी चांगला असतो, आणि तरी तो नव्याच्या किमतीला विकता येत नाही. असा धंदा जगात दुसरा नसेल. तवा भाचीकडे राहिला.

अडलं ते ‘जाहिरात’ या पाटीवर. “पैसे दिले हे सांगायचं कशाला? लोकांना वाटेल विकत घेतलेलं बोलतेय. मग बघेल कोण?” हे शेठच म्हणतात असं नाही. मोठमोठे लोक हेच म्हणतात, फक्त एसीत बसून. पण नियम सरळ आहे. पैसे घेतले किंवा वस्तू फुकट मिळाली, दोन्ही सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन मंडळाने 2021 साली यासाठी नियमावली केली. व्हिडिओ दोन मिनिटांपेक्षा मोठा असेल तर वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तेवढा सगळा वेळ पाटी पडद्यावर दिसली पाहिजे, आणि ती जाहिरातीच्याच भाषेत किंवा इंग्रजीत हवी. खाली वर्णनात, दहा हॅशटॅगांच्या गर्दीत अकरावा म्हणून ती कोंबता येत नाही. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना ‘यात पैसे घेऊन केलेला प्रचार आहे’ अशी एक चौकट असते, तिथे खूण करायची. मग व्हिडिओच्या सुरुवातीला काही सेकंद आपोआप सूचना येते. तेवढ्यावर भागलं असं समजणारे बरेच आहेत. भागत नाही, ती खूण यूट्यूबसाठी, पाटी बघणाऱ्यासाठी.

मी शेठना पुढचंही सांगितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात निघाली तर दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही होतो, ती जाहिरात प्रसिद्ध करण्यात सहभागी असणाऱ्यालाही. शेठनी मनातल्या मनात दहा लाखांना एकशेऐंशीने भागलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते. “लावा पाटी,” ते म्हणाले. “मोठ्या अक्षरात लावा.”

चित्रण सुरू झालं आणि चार आठवडे आमच्या घरी आंबोळ्यांचं राज्य आलं. पहिल्या दिवशीच्या आंबोळ्या इतक्या चिकटल्या की उलथन्याने खरवडून त्यांचा उपमा झाला. भाचीने तो खाताना स्वतःचं चित्रण केलं. दुसऱ्या आठवड्यात मध्य सुटायला लागला, कडा मात्र हट्टी. त्याचं कारण तिला तेव्हा कळलं : गॅसचा जाळ मधोमध, जाड बीड हळूहळू तापतं, आणि तवा नीट तापायच्या आत ती पीठ घालत होती. पाण्याचा शिंतोडा टाकून थेंब नाचत पळाला की मग पीठ घालायचं, हे माझ्या बहिणीने तिला सांगितलं आणि व्हिडिओतले सगळ्यात कामाचे वीस सेकंद फुकटात मिळाले. चौथ्या आठवड्यात आंबोळी उलथनं लागायच्या आधी सरकली. त्या दिवशी घरात टाळ्या वाजल्या. त्या आवाजासकट ते व्हिडिओत आहे.

खोटही निघाली. तव्याचा कान तव्यालाच ओतलेला, तो तव्याइतकाच तापतो, आणि तव्यासोबत येणारी कापडी पकड पातळ आहे. भाचीने ते स्पष्ट सांगितलं.

शेठना दाखवायला आम्ही दुकानात गेलो. माळ्यावरून डबे काढणारा मुलगाही शिडीवर थांबून बघत होता. चिकटलेल्या आंबोळ्या आल्या तशी शेठची मान हलायला लागली. “हे काढता येईल का?” मेल दाखवली. “बरं, हा उपमा तरी?” मेल परत दाखवली. मग पकडीबद्दलचं वाक्य आलं. मला वाटलं आता हजार रुपये गेले. शेठनी मुलाला हाक मारली : “त्या जाड पकडी काढ रे वरच्या. साठ रुपयेवाल्या.” आणि भाचीला म्हणाले, “हे राहू दे. तेवढं सांग की जाड पकड वेगळी मिळते.”

भाचीने नाही म्हटलं. ती वापरलीच नव्हती, मग सांगणार काय? तिने साठ रुपये देऊन पकड विकत घेतली, आठवडाभर वापरली, आणि मग एक वाक्य जोडलं. शेठना हे सगळं फार अवघड वाटलं, पण साठ रुपये त्यांनी घेतले.

व्हिडिओ आला. महिन्याभरात 340 लोकांनी पाहिला. तव्यांचा खप पाचाचा सहा झाला. तो सहावा तवा व्हिडिओमुळे की गणपतीमुळे, हे शेठनाही सांगता येत नाही. परत मात्र एकही आला नाही. काउंटरवर आता चौकोनी कोड आहे आणि त्याखाली शेठच्या अक्षरात लिहिलंय : ‘तवा घेण्याआधी बघा. घेतल्यावर परत बघा.’ दिवाळीत बिडाचा तवा बाहेर मांडायचा, असं ठरलंय.

पैसे शेठनी रोख दिले आणि व्हाउचरवर सही घेतली. भाचीने विचारलं, “काका, तिकीट लावून सही करायची ना?”

“हजाराला लागत नाही,” शेठ म्हणाले. “पाच हजारांच्या वर लागतं. एक रुपयाचं.”